‘आम्ही’ म्हणजे नेमके किती जण? मेळघाटातील एका कोरकू क्षेत्रकार्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमरावती जिल्ह्यातील मेळघाटातल्या एका कोरकू गावात घडले. गावाची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. कोरकू ही मुंडा गटातली भाषा असून तिचे नाते संताळी, मुंडारी, हो या पूर्वेकडच्या भाषांशी आहे. भोवती मात्र मराठी, हिंदी आणि गोंडी यांचा वेढा आहे. 2011च्या जनगणनेत कोरकू भाषकांची संख्या सव्वासात लाखांच्या आसपास नोंदली गेली आहे. भाषेच्या नावातच तिच्या व्याकरणाचा एक नमुना दडला आहे: ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणून कोरकू म्हणजे ‘माणसे’.

आम्ही दोघी संशोधक होतो. (या लेखात ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझी सहकारी; वाचक त्यात नाही. असा खुलासा करण्याची गरज का वाटली, ते पुढे कळेल.) गावातल्या बोलीचे सर्वनाम आणि वचन यांपुरते वर्णन करायचे, एवढाच कामाचा आवाका होता. हाताशी सहा आठवडे होते आणि सुमारे तीनशे मराठी वाक्यांची एक प्रश्नावली होती, जी आम्ही घरी बसून तयार केली होती. निवेदक म्हणून, म्हणजे आपल्या भाषेची माहिती देणारा म्हणून, आश्रमशाळेत शिकलेला, मराठी सफाईने बोलणारा चोवीस वर्षांचा एक तरुण मिळाला. तो गावात सर्वांचा नातलग होता, त्याला वेळ होता आणि तो कंटाळत नसे. आम्ही मराठी वाक्य वाचायचो, तो कोरकूत सांगायचा, आम्ही ध्वनिमुद्रण करून लिहून घ्यायचो. संध्याकाळी त्यातली काही वाक्ये त्यालाच ऐकवून परत मराठीत सांगायला लावायचो, म्हणजे चूक राहिली असेल तर सापडेल अशी आमची समजूत होती.

कोरकू व्याकरणातली जी बाब या प्रकरणाच्या मध्यभागी आहे ती अशी. शाळेत संस्कृत शिकलेल्यांना द्विवचन परिचित आहे: ‘अहम्, आवाम्, वयम्’. कोरकूतही सजीवांच्या नामांना द्विवचन आहे. ‘कुला’ म्हणजे वाघ, दोन वाघ असतील तर ‘कुलाकिंग’, जास्त असतील तर ‘कुलाकू’. मराठीत आणखी एक भेद आहे, जो संस्कृतात नाही: ऐकणारा धरून ‘आपण’ आणि ऐकणारा वगळून ‘आम्ही’. कोरकूत हे दोन्ही भेद एकत्र येतात, त्यामुळे आपल्या ‘आम्ही–आपण’ या जोडीच्या जागी चार सर्वनामे आहेत. ऐकणाऱ्याला वगळून दोघे असतील तर ‘आलिंग’, बोलणारा आणि ऐकणारा असे दोघेच असतील तर ‘आलांग’, ऐकणाऱ्याला वगळून तीन किंवा अधिक असतील तर ‘आले’ आणि ऐकणाऱ्यासह तीन किंवा अधिक असतील तर ‘आबुंग’. देवनागरीतली ही लेखने स्थूल आहेत. शिवाय ‘आले’ हा शब्द मराठी वाक्यांच्या वहीत लिहिला की पहिले काही दिवस कोण आले होते असाच प्रश्न पडतो.

अडचण

दोन आठवड्यांनंतर वही चाळली तेव्हा चित्र अगदी स्वच्छ दिसत होते, आणि त्यानेच सावध व्हायला हवे होते. मराठीतल्या जवळजवळ प्रत्येक ‘आपण’ला ‘आबुंग’ आणि प्रत्येक ‘आम्ही’ला ‘आले’ असे उत्तर होते. प्रथमपुरुषाची चाळीसेक वाक्ये होती, पण त्यांत ‘आलिंग’ किंवा ‘आलांग’ एकदाही नव्हते. नामांचे द्विवचन आले होते, पण केवळ तिथे, जिथे मराठी वाक्यात ‘दोन’ हा शब्द होता. आम्ही कच्च्या टिपणात लिहून टाकले की या गावात सर्वनामांचे द्विवचन लोपले आहे, नामांचे द्विवचन संख्याशब्दाच्या आधाराने तग धरून आहे आणि मराठीच्या दीर्घ सहवासाचा हा परिणाम असावा. निष्कर्ष ऐकायला पटणारा होता, कारण भाषासंपर्कात द्विवचन गळून पडणे ही काही नवलाची गोष्ट नाही.

तिसऱ्या आठवड्यात, आम्ही ज्या घरी जेवत होतो तिथल्या आजी सुनेला उद्देशून काहीतरी म्हणाल्या आणि त्यात ‘आलांग’ स्पष्ट ऐकू आले. दोघींनी मिळून निंदणीला जायचे होते. ध्वनिमुद्रण सुरू नव्हते. आजींची परवानगी घेऊन आम्ही ते वाक्य त्याच वेळी वहीत लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी निवेदकाला विचारले. तो सहज म्हणाला, “हो, आजी न् वहिनी दोघीच जाणार ना, मग आलांगच म्हणणार.” आम्ही विचारले, “मग तुम्ही आम्हाला हे आधी का नाही सांगितलंत?” त्याचे उत्तर आजही वहीच्या मुखपृष्ठाच्या आत लिहिलेले आहे: “मॅडम, तुम्ही दोघांचं कधी विचारलंच नाही.”

त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. ‘आम्ही बाजाराला जातो’ या वाक्यात किती जण आहेत, हे मराठी सांगत नाही. संदर्भाविना वाक्य समोर आले की ऐकणारा त्यात स्वतःच्या सवयीचे माणूसबळ भरतो, आणि ‘आम्ही’ म्हटल्यावर सहसा दोन माणसे डोळ्यांसमोर येत नाहीत. घर येते, गाव येते, जमात येते. निवेदक चुकला नव्हता. प्रश्नाने त्याच्यापुढे चारांपैकी दोनच दारे उघडी ठेवली होती.

यानंतर आम्ही एक घाई केली. जुनी वाक्ये काढून निवेदकाला एकामागून एक विचारत सुटलो: इथे ‘आले’च्या जागी ‘आलिंग’ चालेल का? “चालेल.” मग ‘आले’ पण चालेल? “हो, ते पण चालतं.” एका सकाळी अशी वीसेक वाक्ये तपासली आणि सगळ्यांना ‘चालतं’ असेच उत्तर मिळाले. आता वहीत दोन परस्परविरोधी नोंदी झाल्या: एकीनुसार द्विवचन नाही आणि दुसरीनुसार द्विवचन व अनेकवचन कुठेही अदलाबदलीने चालतात. प्रत्यक्षात संदर्भ न दिल्यामुळे निवेदक प्रत्येक वेळी त्या शब्दाला साजेशी परिस्थिती मनात उभी करून प्रामाणिकपणे ‘चालतं’ म्हणत होता. पाहुण्याला ‘नाही’ म्हणायचे नाही हा शिष्टाचारही त्यात असणार, पण मुख्य दोष प्रश्नाचा होता.

तपासणीतून चूक का निसटली

येथे थोडे थांबायला हवे, कारण परत मराठीत भाषांतर करून घेण्याची तपासणी आम्ही रोज करत होतो आणि ती रोज उत्तीर्ण होत होती. ‘आम्ही पाणी आणतो’ हे कोरकूत गेले, ‘आले’ होऊन आले, परत मराठीत गेले आणि ‘आम्ही’च झाले. आजींचे ‘आलांग’ असलेले वाक्य निवेदकाला मराठीत सांगायला लावले तेव्हा ‘आपण निंदायला जाऊ’ असे मिळाले. तेही निर्दोष मराठी आहे, पण ‘आबुंग’ असते तरी मराठी तेच झाले असते. परतीचे भाषांतर कोणते भेद पकडू शकते? तर फक्त तेच, जे संपर्कभाषेतही, म्हणजे ज्या भाषेतून आपण प्रश्न विचारतो तिच्यातही आहेत. ज्या भेदाबाबत संपर्कभाषा आंधळी आहे, नेमक्या तिथे ही तपासणी ठाम खात्री देते, आणि ती खात्री पोकळ असते.

ही गोष्ट जुन्या संकलनांकडे पाहतानाही उपयोगी पडते. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मुंडा आणि द्राविडी भाषांचा चौथा खंड 1906 साली निघाला. त्या सर्वेक्षणात ठिकठिकाणांहून बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर आणि 241 शब्द व वाक्यांची ठरावीक यादी भरून मागवली जात असे. दृष्टांताची सुरुवातच दोन मुलांनी होते, म्हणून नामाचे द्विवचन येण्याची संधी तिथे आहे. बाप ‘खाऊ, आनंद करू’ म्हणतो, म्हणून ऐकणाऱ्यासहचे अनेकवचनही येऊ शकते. पण ते दोन भाऊ गोष्टीत एकमेकांशी किंवा एकत्र असे काहीच बोलत नाहीत, त्यामुळे ‘आम्ही दोघे’ किंवा ‘आपण दोघे’ यांची गरज कथानकात कुठेच पडत नाही. अशा मजकुरात एखादे रूप नसणे हा ते भाषेत नसल्याचा पुरावा ठरत नाही. आमच्या तीनशे वाक्यांतही तेच घडले होते, फक्त आमच्याकडे माहीत नसल्याची सबब नव्हती. कोरकूत द्विवचन आहे हे आम्हाला निघण्याआधी ठाऊक होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला आणि सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे वाक्ये दुरुस्त करणे: ‘आम्ही’च्या जागी ‘आम्ही दोघे’ लिहायचे. सहकारीचा कल याकडे होता, कारण एका दिवसात काम झाले असते. माझा विरोध असा होता की ‘दोघे’ हा शब्द दिल्यावर द्विवचन आले तर ते निवेदकाने अर्थ पाहून वापरले की ‘दोघे’ या शब्दाचे भाषांतर म्हणून वापरले, हे सांगता येणार नाही. नामांच्या बाबतीत आम्ही हीच चूक केली होती: ‘दोन’ लिहिले तिथेच द्विवचन मिळाले आणि त्यावरून ते संख्याशब्दावर अवलंबून आहे असा नियम आम्ही काढला. तो नियम कोरकूचा नसून आमच्या प्रश्नावलीचा होता.

दुसरा पर्याय संपर्कभाषा बदलून हिंदी घेण्याचा होता, कारण गावातल्या बऱ्याच वडीलधाऱ्यांची हिंदी मराठीपेक्षा चालती होती. पण ‘हम’मध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्ही विरघळतात. मध्य भारतातल्या बोलचालीच्या हिंदीत ‘अपन’ ऐकणाऱ्याला धरून वापरतात हे खरे, तरी सगळे सारख्याच नेमाने वापरतात असे नाही. म्हणजे मराठीत एक भेद हाती होता तोही हिंदीत गमवावा लागला असता. उलट मराठी ‘आपण’ही पूर्ण भरवशाचा नव्हता, कारण आदरार्थी ‘आपण बसावे’ आणि सर्वसाधारण ‘आपण चूक केली की मान्य करावी’ हे त्याचे वेगळेच उपयोग आहेत, आणि हिंदी ‘आप’शी जवळीक असल्याने आमच्या निवेदकाने सुरुवातीला दोन वाक्यांत त्याचे ‘तुम्ही’ केले होते.

तिसरा पर्याय होता प्रश्नच कोरकूतून विचारण्याचा. म्हणजे आजींसारख्या कोणी निवेदकांना विचारावे, मध्ये मराठी नको. हा सर्वांत शुद्ध मार्ग वाटतो, आणि आम्ही जवळजवळ तोच निवडला होता. अडचण लक्षात आली ती असा प्रश्न कागदावर लिहिताना. कोरकूत ‘तुम्ही’लाही द्विवचन आहे. ‘तुम्ही कुठे निघालात?’ असे दोघींना विचारायचे तर विचारणारी व्यक्ती द्विवचनाचेच रूप वापरणार, आणि समोरून द्विवचनी उत्तर आले तर ते प्रश्नातून उचललेले असण्याची शक्यता राहते. मराठी प्रश्न उत्तर अनेकवचनाकडे ढकलतो, कोरकू प्रश्न द्विवचनाकडे. कोणत्याही बाजूने न झुकणारा प्रश्न भाषेत सापडत नव्हता, म्हणून शेवटी प्रश्नातून सर्वनामच काढून टाकायचे ठरले.

चौथा पर्याय फक्त गोष्टी आणि संभाषणे ध्वनिमुद्रित करून त्यांत सर्वनामे शोधण्याचा होता. तो आम्ही सोडला नाही, पण त्यावर विसंबलोही नाही. लोककथेत दोन वाघ भेटतात, दोन माणसे एकमेकांना ‘आपण दोघे’ म्हणतात, पण चारही रूपे पुरेशा वेळा आणि तुलना करता येईल अशा परिस्थितीत मिळायला महिने लागतात, आणि आमच्याकडे तीन आठवडे उरले होते.

प्रत्यक्ष कृती

आम्ही परिस्थितीची चित्रे केली. दोन अटी होत्या: माणसे दोन की जास्त, आणि ज्याच्याशी बोलणे चालले आहे तो त्यांत आहे की नाही. यातून चार घरे तयार होतात. प्रत्येक घरासाठी सहा प्रसंग घेतले, म्हणजे चोवीस. त्यांत रंग, जागा, हत्यारे यांविषयीचे तेवढेच दुसरे प्रसंग मिसळले, जेणेकरून आम्ही काय शोधत आहोत हे निवेदकाच्या लक्षात येऊ नये. सगळे मिळून अठ्ठेचाळीस प्रसंग दोन बैठकांत विभागले, आणि प्रत्येक माणसासाठी क्रम बदलला. एकाच घराचे दोन प्रसंग लागोपाठ येऊ दिले नाहीत, कारण एकदा ‘आलिंग’ तोंडात बसले की पुढच्या वाक्यात ते नुसत्या लयीने येते.

प्रसंग मराठीत सांगावा लागत होता, पण त्यात प्रथमपुरुषी अनेकवचन कुठेच येऊ द्यायचे नव्हते. एक प्रसंग उदाहरणादाखल देते. चित्रात दोन बायका डोक्यावर हंडे घेऊन उभ्या आहेत आणि समोर एक पुरुष आहे. सांगायचे असे: “ही पारू, ही तिची नणंद. पाण्याला निघाल्या. वाटेत गावातला एक काका भेटला, त्याने विचारलं, ‘पाण्याला कोण जाणार?’ पारूने त्याला काय सांगितलं असेल?” येथे ‘दोघी’ हा शब्द मुद्दाम टाळला आहे, संख्या चित्रात आणि नावांत आहे. दुसऱ्या चित्रात पारू तेच नणंदेला सांगते, तिसऱ्यात बायका चार आहेत आणि काका तसाच समोर आहे, चौथ्यात पारू त्या इतर तिघींशीच बोलते आहे.

‘कोण जाणार?’ हा प्रश्न सुरुवातीला नव्हता. आधी आम्ही ‘कुठे चाललात?’ असे विचारत होतो. दोन जणांवर आधी करून पाहिले तेव्हा उत्तरे सुबक आली, पण बहुतेकांत सर्वनामच नव्हते. मराठीतही ‘कुठे चाललात?’ला कोणी ‘आम्ही पाण्याला चाललो’ असे क्वचितच म्हणतो, ‘पाण्याला’ एवढे पुरते. ज्या शब्दासाठी हा सगळा खटाटोप होता तो गाळूनही वाक्य पूर्ण होत होते. प्रश्न ‘कोण’वर आणल्यावर सर्वनाम येणे भाग पडले. याची एक किंमत आहे, जी नोंदवून ठेवावी लागली: ‘कोण’च्या उत्तरात सर्वनामावर भर येतो, आणि सहज बोलण्यातला, भर नसलेला वापर त्यावरून कळत नाही.

काही प्रसंगांत चित्राऐवजी खरी माणसे उभी केली. अंगणात आजी, सून, शेजारीण आणि निवेदक होतेच. कोण कोणाशी बोलते आहे हे बोटाने दाखवायचे, आणि बोलणाऱ्याने पुढचे वाक्य म्हणायचे. आम्ही स्वतः मात्र ‘ऐकणारा’ कधीच झालो नाही. आमच्याशी बोलताना लोक आपोआप आदराने आणि सोप्या करून सांगायच्या भाषेत बोलत, आणि अनेकदा अर्धे वाक्य मराठीत जाई.

उलट दिशेची तपासणीही जोडली, कारण बोलायला लावून मिळालेले रूप आणि ऐकून लागणारा अर्थ हे दोन स्वतंत्र पुरावे आहेत. एका निवेदकाच्या आवाजातले वाक्य दुसऱ्याला ऐकवायचे, समोर चार चित्रांचा एक कागद ठेवायचा आणि हे कोणत्या चित्रातले बोलणे आहे ते बोटाने दाखवायला सांगायचे. या कामात मराठीची गरज जवळजवळ पडत नाही. ‘चालेल का?’ हा प्रश्न आम्ही पूर्ण बंद केला. एखादे रूप एखाद्या परिस्थितीत बसत नाही असे वाटले, तर ते वाक्य ऐकवून ‘यात कोण कोण जाणार?’ असे विचारायचे. ‘आलिंग’ ऐकून कोणी चार बायकांच्या चित्राकडे बोट नेले नाही, आणि हा नकार आम्हाला कोणालाही ‘नाही’ म्हणायला न लावता मिळाला.

याच काळात वहीतली दुसरी एक गळती सापडली. तिचा येथे थोडक्यात उल्लेख करते, कारण तिचा दोष वेगळ्या जातीचा आहे. आमच्या प्रश्नावलीत ‘जो माणूस काल आला तो माझा मामा आहे’ अशी ‘जो–तो’ची वाक्ये होती आणि निवेदकाने ती कोरकूत तशाच दोन तुकड्यांच्या बांधणीने दिली होती. ध्वनिमुद्रित गोष्टींत मात्र तशी वाक्ये तुरळक होती. तिथे क्रियापदाचे रूप नामाच्या आधी लावलेले दिसत होते. मराठीतही ‘काल आलेला माणूस’ असे म्हणता येते. आम्ही तेच वाक्य ‘आलेला’ वापरून विचारले तेव्हा निवेदकाने लगेच नामाआधीची बांधणी दिली. म्हणजे संपर्कभाषेत दोन पर्याय असतील तर आपण त्यातला जो उचलू तोच उत्तरात परत येतो, आणि आपण भाषेचे वर्णन करत आहोत असे समजून स्वतःच्याच वाक्यरचनेचे वर्णन लिहितो. द्विवचनाच्या बाबतीत मराठीत भेद नसल्यामुळे चूक झाली. येथे मराठीत निवड असल्यामुळे झाली.

शेवटची कृती कारकुनी होती, पण तिच्यामुळेच जुनी सामग्री वाचली. प्रत्येक वाक्यासमोर ते कसे मिळाले याचा एक रकाना केला: मराठीवरून भाषांतर, चित्रावरून, अंगणातल्या प्रसंगावरून, गोष्टीतून, कानावर पडलेले. भाषांतर केलेले वाक्य असेल तर मूळ मराठी वाक्य जसेच्या तसे शेजारी ठेवले. त्याचा गोषवारा नाही.

निष्पत्ती

एकूण नऊ जणांनी दोन्ही बैठका पूर्ण केल्या. त्यांतल्या पाच वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आणि ऐकून दाखवण्यात चारही सर्वनामे स्वतंत्र निघाली. द्विवचन लोपले आहे हे आमचे टिपण रद्द झाले. चार तरुणांचे चित्र गुंतागुंतीचे होते. ऐकून दाखवताना त्यांनी चारही रूपे वेगळी ओळखली. बोलताना मात्र ऐकणाऱ्याला वगळून दोघे असतील तर कधी ‘आलिंग’, कधी ‘आले’ वापरले. चित्रांवरून ‘आले’ जास्त आले, अंगणातल्या खऱ्या माणसांच्या प्रसंगांत ‘आलिंग’ जास्त. नामांच्या बाबतीत ‘दोन’ हा शब्द न देता दोन वाघांचे चित्र दाखवले तेव्हा वडीलधाऱ्यांनी संख्याशब्दाशिवाय नुसते ‘कुलाकिंग’ म्हटले, त्यामुळे संख्याशब्दाच्या आधाराचा नियमही गेला.

तरुणांच्या उत्तरांचा अर्थ काय लावायचा, यावर आमच्यात मतभेद झाला आणि तो मिटवला नाही. सहकारीच्या मते ही बदलाची सुरुवात आहे: रूप समजते, पण वापरातून मागे पडते आहे. मला वाटते की चित्राचा प्रसंग अखेर मराठीतच सांगितला जात होता, आणि दोन्ही भाषांत शाळकरी सवयीने बोलणाऱ्या मुलांवर त्या मराठीची छाया जास्त पडली. तसे नसते तर अंगणात फरक पडला नसता. अहवालात आम्ही दोन्ही अन्वयार्थ लिहिले. निष्कर्ष ‘या गावातील नऊ भाषकांपुरता’ असाच ठेवला.

पहिल्या दोन आठवड्यांची तीनशे वाक्ये फेकून दिली नाहीत. त्यातल्या ध्वनींची आणि शब्दांची नोंद उपयोगी आहे, ‘आले’ आणि ‘आबुंग’ यांची अनेक खरी उदाहरणे त्यात आहेत. फक्त ‘अमुक रूप या बोलीत नाही’ असे कोणतेही विधान त्यांच्या आधारावर करता येणार नाही, असा शेरा प्रत्येक पानावर आहे.

निर्णयाच्या जागा आणि काय वेगळे करता आले असते

सर्वांत महाग पडलेला निर्णय गावात नव्हे, निघण्याआधी घेतला गेला होता. कोरकूत चार सर्वनामे असू शकतात हे माहीत असताना चार घरांचा तक्ता आधी काढून मग वाक्ये लिहायला हवी होती. आम्ही मराठी वाक्ये आधी लिहिली आणि त्यांतून जे घर भरेल ते भरू दिले. तक्ता समोर असता तर दोन घरे रिकामी आहेत हे पहिल्याच संध्याकाळी दिसले असते, आणि रिकामे घर पाहून ‘रूप नाही’ म्हणण्याआधी ‘आपण विचारले का?’ हा प्रश्न पडला असता. आता कोणतीही प्रश्नावली लिहिताना मी आधी अपेक्षित भाषेच्या आणि तिच्या भगिनीभाषांच्या भेदांची यादी करते, मग त्यातला प्रत्येक भेद संपर्कभाषेत दिसतो, पुसला जातो की दुसऱ्याच कशाशी मिसळतो, हे शेजारी लिहिते. ‘पुसला जातो’ असे जिथे लिहिले जाते तिथे भाषांतराचे वाक्य मुळीच ठेवत नाही, प्रसंग ठेवते.

दुसरी जागा म्हणजे एकाच निवेदकावर दोन आठवडे विसंबणे. त्याचे मराठी चांगले म्हणून त्याला निवडले, आणि नेमके ते चांगले असल्यामुळे तो मराठीच्या चौकटीत उत्तर देण्यात तरबेज होता. आजींचे मराठी तुटक होते, म्हणून आम्ही त्यांना पहिल्या आठवड्यात बाजूला ठेवले होते. आज दोघांना पहिल्या दिवसापासून एकत्र बसवले असते. निवेदकाने मराठीवरून दिलेले वाक्य आजींना फक्त ऐकवायचे आणि त्यांना कोण कोण दिसते ते विचारायचे, एवढ्यानेच बरेच काही उघड झाले असते.

अंगणातल्या प्रसंगांची संख्या वाढवायला हवी होती हे खरे, पण ते वाटते तितके सोपे नाही. सून सासऱ्यासमोर काही प्रसंग करायला तयार नव्हती, आणि नणंद-भावजयांच्या चेष्टेच्या नात्यात प्रसंग लगेच विनोदाकडे झुकायचा. चित्रातली माणसे परकी असतात हा त्यांचा दोष तसाच त्यांचा फायदाही आहे. पुढच्या खेपेस प्रत्येक घराचे सहापैकी तीन प्रसंग खऱ्या माणसांनी आणि तीन चित्रांनी करायचे, आणि दोन्हींची उत्तरे वेगळ्या रकान्यांत ठेवायची, असे ठरले आहे.

भर नसलेल्या सर्वनामांचा प्रश्न मात्र उघडाच आहे. ‘कोण’ विचारले की सर्वनाम येते, न विचारले की गळते, आणि या दोहोंच्या मधला सहज वापर केवळ मोकळ्या संभाषणात सापडतो. त्यासाठी ध्वनिमुद्रित केलेल्या संभाषणांपैकी आतापर्यंत जेवढी लिहून झाली आहेत, त्यांत ऐकणाऱ्याला वगळून दोघांसाठीचे सर्वनाम, भर नसताना, तीनच वेळा आले आहे. तीनही वेळा ते ‘आलिंग’ आहे, आणि तीनही वेळा बोलणारी आजी आहे.